बॅलन्स्ड अ‍ॅक्युरसी की कप्पा?

समजा, सोलापुरी टॉवेलच्या 1000 नगांत 50 सदोष आहेत. सगळ्यांनाच ‘चांगला’ म्हणणारं मॉडेलही 95% अ‍ॅक्युरसी मिळवतं. चांगले आणि सदोष या दोन्ही गटांतल्या अचूकतेची सरासरी, म्हणजे बॅलन्स्ड अ‍ॅक्युरसी, मात्र 50%; आणि निव्वळ योगायोगापलीकडे उत्तरं किती जुळली हे सांगणारा कोहेनचा कप्पा 0.

दुसरं मॉडेल 40 सदोष नग पकडतं, पण 95 चांगलेही बाजूला काढतं. अ‍ॅक्युरसी घसरून 89.5%. सदोषांतले 80% आणि चांगल्यांतले 90% बरोबर ओळखले, म्हणून बॅलन्स्ड अ‍ॅक्युरसी त्यांची सरासरी, 85%. झकास वाटतं! कप्पा जेमतेम 0.39, कारण काढलेल्या 135 पैकी 95 नग उगाच अडकले, हे त्याला खटकतं. फेरतपासणीचा वेळ महाग असेल तर माझा कौल कप्पाला.

फक्त वेगवेगळ्या लॉटचे कप्पा शेजारी ठेवू नका. निम्मे नग सदोष असले तर हेच मॉडेल 0.70 दाखवेल, बॅलन्स्ड अ‍ॅक्युरसी तिथेही 85%. मॉडेलने सांगितलेली शक्यता कितपत खरी, हे मात्र दोन्हींना कळत नाही. त्यासाठी खात्रीने दिलेल्या चुकीच्या उत्तराला जास्त दंड करणाऱ्या लॉग लॉससारखं माप काढावं लागतं.