बाळाचा वजनकाटा: एक टक्का की ठरावीक ग्रॅम?

उपकेंद्रातला डिजिटल काटा 10-10 ग्रॅमच्या टप्प्यांनी वजन दाखवतो असं धरू. त्यावर वैधमापन खात्याचा शिक्का असलेली वजनं ठेवली: 2 किलोला 2.03 आणि 5 किलोला 5.03.

एक टक्का चूक चालेल असं म्हटलं, तर 5 किलोवर 50 ग्रॅमची मुभा मिळते आणि काटा पास होतो. बरेच जण तेवढंच तपासून थांबतात. 2 किलोवर मात्र मुभा 20 ग्रॅमच, म्हणजे तोच काटा नापास.

ठरावीक 20 ग्रॅमची मर्यादा दोन्हीकडे नापासच करते. नवजात बाळांसाठी मला हीच पटते. 2,480 ग्रॅमचं बाळ या काट्यावर 2,510 भरेल आणि अडीच किलोखालच्या, कमी वजनाच्या नोंदीतून सुटेल. लसीकरणाच्या दिवशी 8-10 किलोच्या बाळांना टक्केवारी पुरते.

इथे दोन्ही वजनांवर चूक सारखीच 30 ग्रॅम आहे, म्हणजे शून्य सरकलंय. बहुधा दुपटं ठेवल्यावर काटा शून्यावर आणणारं टेअर बटण दाबायचं राहिलं. चूक वजनागणिक वाढत गेली असती, तर मात्र काटा कॅलिब्रेशनलाच पाठवावा लागला असता.