दुसऱ्या खुब्यातही स्क्रू घालायचा का?

समजा, मुलगा ११ वर्षांचा आहे, अंगाने जाड. दोन-तीन महिने गुडघा दुखतो म्हणून गुडघ्याचेच एक्स-रे काढले गेले. शेवटी कळलं की डाव्या खुब्यात मांडीच्या हाडाचा गोळा ग्रोथ प्लेटवरून, म्हणजे हाड जिथून वाढतं त्या मऊ थरावरून, घसरलाय. डावीकडे स्क्रू घालावाच लागणार, त्यात पर्याय नाही. आईबापांची रात्रीची झोप उडते ती पुढच्या प्रश्नाने: उजवा खुबा आज चांगला आहे, तरी त्यातही आत्ताच स्क्रू घालून घ्यायचा, की थांबून बघायचं?

थांबलं तर चांगल्या खुब्याला चाकू लागत नाही. पण दुसरी बाजू घसरण्याचं प्रमाण कमी नाही; बहुतेकदा ती पहिल्या दीड वर्षात घसरते. म्हणून दर तीन-चार महिन्यांनी एक्स-रे, तोही प्लेट बंद होईपर्यंत. पहिल्या उत्साहात सगळे येतात. दुखत नसेल तर वर्षभराने तारखा चुकायला लागतात. आणि घसरण अचानक झाली, मुलाला कुबड्या घेऊनही पाय टेकवता येईना, तर गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो सडण्याचा धोका फार वाढतो. असा खुबा पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.

आता पायाच्या लांबीचं बघू. स्क्रूमुळे ती प्लेट बहुधा लवकर बंद होते. खुब्याजवळची ही प्लेट वर्षाला साधारण ३ ते ४ मिलिमीटर वाढ देते. पायाची खरी वाढ गुडघ्याजवळ होते. फक्त डावीकडे स्क्रू घातला आणि मुलाची वाढ १६ पर्यंत धरली तर पाच वर्षांत दीड ते दोन सेंटिमीटरचा फरक, शिवाय घसरणीमुळे आधीच थोडा आखूड झालेला पाय. दोन्हीकडे स्क्रू घातला तर उंची तेवढी कमी भरते, पण पाय जवळजवळ सारखे राहतात. हाच मुलगा १४ चा असता तर फरक ६ ते ८ मिलिमीटरचा, म्हणजे चपलेत जाड सोलही लागला नसता. फरक दोन सेंटिमीटरच्या वर जाताना दिसला तर लांब पायाची गुडघ्याजवळची प्लेट योग्य वेळी थांबवता येते, पण ती आणखी एक शस्त्रक्रिया.

चांगल्या खुब्यातला स्क्रूही निर्धोक नाही: क्वचित जंतुसंसर्ग, हाड मोडणं, गोळ्याचा रक्तपुरवठा बिघडणं.

माझा कल असा: ११ वर्षांच्या, ज्या कटोऱ्यात गोळा बसतो त्याची ग्रोथ प्लेट अजून उघडी असलेल्या मुलात दोन्हीकडे. थायरॉइड किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर वय न बघता दोन्हीकडे. वाढ संपत आलेल्या आणि तारखा नक्की पाळणाऱ्या घरात थांबायला हरकत नाही. मात्र मध्ये कधीही उजवी मांडी किंवा गुडघा दुखला, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. त्याच दिवशी दोन्ही खुब्यांचे एक्स-रे काढा, आणि मुलगा पाय टेकून चालत असेल तर बेडकासारखे पाय फाकवूनही एक घ्या. समोरून काढलेल्या एक्स-रेत थोडी घसरण लपून जाते.