संदर्भसूची कशी तपासावी: हाताने, झोटेरोने की क्रॉसरेफवरून?

प्रबंध सादर करायला आठवडा उरलाय, सूचीत दीडशे संदर्भ आहेत आणि त्यातला एखादा निबंध मागे घेतलेला निघाला तर, ही धाकधूक आहे. प्रत्येक डीओआय, म्हणजे निबंधाचा कायमचा ओळखक्रमांक, उघडून हाताने ताडायचा, संदर्भ सांभाळणाऱ्या झोटेरो या सॉफ्टवेअरवर विसंबायचं की डीओआय नोंदवणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेकडून नोंदी मागवायच्या? तिन्ही रस्ते मी एकाच नोंदीवर लावून दाखवते. नोंद सोयीसाठी रचलेली आहे, पण अशी गल्लत सहज होऊ शकते:

एस्त्रुच व इतर, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन, २०१८, खंड ३७८, 10.1056/NEJMoa1200303

हा स्पेनमधला प्रेडिमेड अभ्यास. भूमध्य समुद्राकाठच्या आहाराने हृदयविकार टळतो का, हे त्यात ७,४४७ लोकांवर तपासलं होतं. निबंध २०१३ साली आला. पुढे कळलं की सगळ्यांची गटवारी चिठ्ठ्या टाकल्यासारखी झालीच नव्हती: काही घरांतल्या सगळ्यांना एकाच गटात घातलं होतं आणि एका केंद्रात तर अख्ख्या दवाखान्याला एकच आहार दिला होता. २०१८ मध्ये नियतकालिकाने तो निबंध मागे घेतला आणि नव्याने केलेलं विश्लेषण नव्या डीओआयसह छापलं. म्हणजे वरच्या नोंदीत वर्ष आणि खंड नव्या निबंधाचे आहेत, डीओआय मात्र मागे घेतलेल्याचा.

हाताने तपासताना `https://doi.org/` पुढे डीओआय जोडायचा आणि उघडलेल्या पानावरचं शीर्षक, पहिला लेखक, वर्ष, खंड, पृष्ठं आपल्या नोंदीशी जुळवायची. इथे खंड ३६८, पृष्ठं १२७९ ते १२९० दिसतात आणि गफलत लगेच लक्षात येते. मात्र तपासायचं ते प्रकाशकाचं पान. तुमच्या संगणकावर २०१५ साली उतरवलेली प्रत असेल, तर तिच्यावर मागे घेतल्याचा शिक्का नसणारच. माझ्या हाताला एका नोंदीला दोन-तीन मिनिटं लागतात. चाळीस नोंदींपर्यंत हे निभतं, त्यापुढे डोळा चुकायला लागतो.

झोटेरो मागे घेतलेल्या निबंधांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचच्या यादीशी तुमचा संग्रह आपणहून ताडतो, मागे घेतलेल्या निबंधावर लाल सूचना लावतो आणि असा निबंध लेखनात घालू लागलात तर बजावतो. ही सोय फुकट आहे आणि ती वापरावीच. पण तो जुळवणी करतो डीओआय किंवा पबमेड क्रमांकावरून. नोंदीत यातलं काहीच नसेल तर तो गप्प राहतो. डीओआयच चुकीचा असेल तर भलत्याच निबंधाची चौकशी होते आणि खरा सुटतो. वर्ष, खंड, पृष्ठ बरोबर आहेत का, हे तर तो पाहतच नाही. म्हणून सूचना आली नाही याचा अर्थ नोंद शुद्ध आहे, असा धरू नये.

क्रॉसरेफने २०२३ मध्ये रिट्रॅक्शन वॉचची यादी विकत घेऊन सर्वांना खुली केली. त्यामुळे तपशील आणि मागे घेतल्याची खूण आता एकाच ठिकाणी मिळते:

```
curl -s "https://api.crossref.org/works/10.1056/NEJMoa1200303" \
 | jq '.message | {title, volume, page, published, "updated-by"}'
```

`updated-by` मध्ये `retraction` दिसलं की थांबायचं. पत्त्याभोवतीचं अवतरण चिन्ह गाळू नका, कारण लॅन्सेटच्या डीओआयमध्ये कंस असतात आणि ते नसेल तर आज्ञाच मोडते. नोंद सापडली नाही म्हणून संदर्भ खोटा, असंही लगेच म्हणू नये. झेनोडोसारख्या ठिकाणचे डीओआय डेटासाइट या दुसऱ्या नोंदणी संस्थेकडे नोंदलेले असतात, ते इथे मिळत नाहीत. आधी तोच डीओआय doi.org वर उघडून पाहावा. तिथेही नसेल तर टंकनचूक किंवा बनावट संदर्भाचा संशय घ्यावा. वर्षातला एकाचा फरकही बहुतेकदा चूक नसते: निबंध डिसेंबरमध्ये ऑनलाइन येतो आणि पुढच्या वर्षी छापील अंकात जातो.

माझं मत विचाराल तर प्रबंधासाठी आधी तपशील हाताने जुळवा आणि मगच झोटेरोच्या खुणेवर विश्वास ठेवा. हा क्रम उलटा केला तर चुकीच्या डीओआयचा संदर्भ निसटतो. संपादक असाल आणि दर अंकाला शेकडो संदर्भ येत असतील, तर क्रॉसरेफची आज्ञा सगळ्या यादीवर चालवा आणि न जुळलेल्या नोंदीच तेवढ्या डोळ्यांखालून घाला.

आपल्या नोंदीत मात्र नुसता डीओआय बदलून काम संपत नाही. नव्या विश्लेषणात आकडे बरेचसे तसेच राहिले, पण निष्कर्षाची भाषा सौम्य झाली. तेव्हा २०१८ चा निबंध वाचायचा आणि आहारामुळे धोका घटला असं ठामपणे लिहिलेलं आपलं वाक्यही त्यानुसार बदलायचं.