तीन ब्रास कचेचे पैसे घेतले, पाईपाखाली निघाल्या विटा : ड्रेनेज लाईन टाकून घेणाऱ्यांनी हे वाचाच

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, काळ्या मातीच्या प्लॉटवर, मागच्या मे महिन्यात ३० मीटर ड्रेनेज लाईन टाकून घेतली. १६० मिमीचा पीव्हीसी पाईप, रबर रिंगचे जोड, दोन्ही टोकांना चेंबर. ठेकेदाराने एकूण ५७,४०० रुपये घेतले. खोदाई ५,४००, पाईप आणि रिंगा १४,४००, दोन चेंबर १३,०००, मजुरी ९,०००, आणि पाईपाखाली-भोवती भरायची बारीक कच तीन ब्रास, ५,२०० च्या भावाने १५,६००. शेवटचा आकडा लक्षात ठेवा. सगळी चोरी त्यातच झाली.

सप्टेंबरमध्ये संडासाचं पाणी मागे यायला लागलं. सक्शनची गाडी दोनदा बोलावली, दोन्ही वेळा आठ-दहा दिवसांत पुन्हा तेच. ठेकेदार म्हणाला, "काका, तुम्ही काहीतरी टाकलं असेल. उतार तर तुमच्यासमोरच मोजून दिला होता." आणि तो खरंच मोजून दिला होता. पाण्याच्या नळीने दोन्ही चेंबरची पातळी मी स्वतः पाहिली होती, ३० मीटरला ३० सेंमी उतार, म्हणजे शंभराला एक, अगदी बरोबर. पाईपावरचा आयएस १५३२८ चा शिक्का वाचला होता, एसएन ४ हा पाईपाच्या ताठपणाचा वर्ग लिहिलेला पाहिला होता. एवढं कोण पाहतं? पण दोन टोकं बरोबर असली म्हणजे मधलं बरोबर असतं असं नाही, आणि ठेकेदाराला नेमकं हेच माहीत होतं.

नोव्हेंबरमध्ये माती घट्ट झाल्यावर चर हाताने उकरला. जेसीबी लावू नका, पुरावाच तुटतो. प्रत्येक सॉकेटखाली, म्हणजे पुढचा पाईप ज्यात बसतो त्या रुंद तोंडाखाली, विटेचा तुकडा निघाला. सहा मीटरचा पाईप दोन टोकांना विटांवर टेकलेला आणि मध्ये खाली पोकळ. कच म्हणून जे होतं ते पाईपाखाली जेमतेम दोन सेंमी, बाकी पाईपाच्या माथ्यावर देखाव्यापुरती पसरलेली. बगलांमध्ये तर नावालाही नव्हती. तिथे काळ्या मातीची ढेकळं, आणि ढेकळांच्या मध्ये मूठ जाईल एवढ्या पोकळ्या.

दुसऱ्या आणि तिसऱ्या सॉकेटच्या माथ्यावर दोरी ताणली आणि मोजलं. पाईप मधोमध दोरीपासून ५२ मिमी खाली गेला होता. आता हिशेब करा. शंभराला एक उतार म्हणजे अर्ध्या पाईपात, तीन मीटरला, ३० मिमी उतार मिळतो. पाईप मध्येच ५२ मिमी खचला म्हणजे त्याचा मध्य पुढच्या टोकापेक्षा २२ मिमी खाली. तेवढं पाणी कायम साचून राहणार. मैला तिथे बसतो, वरचं पाणी पुढे निघून जातं, थरावर थर चढतो. सक्शनच्या गाडीने घाण निघते, झोल निघत नाही. म्हणून लाईन वारंवार एकाच जागी तुंबत असेल तर गाडीवर पैसे घालवत बसू नका, आधी दोन्ही चेंबरची झाकणं काढा. एका टोकाला आरसा धरा, दुसऱ्या टोकाला बॅटरी. पूर्ण गोल दिसला तर लाईन सरळ आहे. खालचा भाग कापल्यासारखा दिसला आणि पाणी चमकलं तर मध्ये झोल आहे.

जोड का फुटले, हेही तिथेच कळलं. वीट खचत नाही, तिच्या दोन्ही बाजूचा पाईप खचतो. म्हणजे जोडावर पाईप वाकतो. सॉकेटच्या माथ्याला फट उघडते, रिंग तिथे सैल पडते, आणि तळाशी सगळा भार विटेच्या कडेवर येतो. चारपैकी दोन सॉकेट तळाला लांबीत चिरलेले होते, चीर विटेच्या कडेला जुळत होती. मग चिरेतून पाणी झिरपतं, काळी माती भिजून लोण्यासारखी होते, पाईप आणखी खचतो, चीर आणखी वाढते. मुरमाड जमिनीत हा प्रकार कदाचित दोन-तीन वर्षं निभावला असता. आपल्याकडे मे महिन्यात वाळलेली ढेकळं आत ढकलायची आणि मृगाचा पाऊस पडला की ती विरघळून पोकळीत बसायची, एवढ्यात काम तमाम होतं. वर अंगणात लाईनीच्या रेषेत चर पडला होता, तो आम्ही जुलैत मुरूम टाकून बुजवलासुद्धा. तीच खूण होती.

पण जिथे मला कळायला हवं होतं तो क्षण त्याच्याही आधीचा. पाईप मांडताना विटा मला दिसल्या होत्या. विचारलंही. "लेव्हलसाठी ठेवल्यात काका, भरताना काढतो." आणि मी मान डोलावली. भरताना त्या काढता येतच नाहीत, कारण काढायच्या तर आधी बगला भरून पाईपाला आधार द्यावा लागतो, आणि त्यासाठी कच लागते, आणि कच आलीच नव्हती. ट्रॅक्टरची एकच ट्रॉली आली होती. एका ट्रॉलीत साधारण एक ब्रास. त्यातली अर्धी चेंबरच्या बांधकामात गेली. मी तिथे खुर्ची टाकून बसलो होतो आणि खेपा मोजल्या नाहीत. तीन ब्रासचे पैसे दिले, एक खेप पाहिली, आणि दोन्ही गोष्टी एकमेकींशी ताडून पाहिल्या नाहीत. याचा राग आजही जात नाही.

किती कच लागते ते आधीच काढून ठेवा, कठीण नाही. चर अर्धा मीटर रुंद. खाली १० सेंमी गादी, पाईपाचे १६ सेंमी, माथ्यावर १५ सेंमी. एकूण उंची ४१ सेंमी. तीस गुणिले अर्धा गुणिले ०.४१ म्हणजे ६.१५ घनमीटर, त्यातून पाईपाची जागा ०.६ वजा केली की ५.५५. एक ब्रास २.८३ घनमीटर. म्हणजे दाबून बसलेली दोन ब्रास, आणि दबण्याची घट धरली की अडीचच्या आसपास. ट्रॉली रिकामी होताना फोटो काढा, वेळ दिसेल असा.

लोकांना वाटतं पाईप मजबूत घेतला की झालं. मलाही तेच वाटत होतं. पीव्हीसी लवचीक पाईप आहे. वरून माती दाबते तेव्हा तो चपटा होऊन बाजूंना फुगू पाहतो, आणि त्याला फुगू देत नाही ती बगलेतली घट्ट भर. तीच नसेल तर पाईप एकटा भार घेतो आणि हरतो. आमच्या पाईपाचा काढलेला तुकडा उभ्यात १४८ मिमी भरला, १६० चा असताना. साडेसात टक्के चपटा. पाच टक्क्यांच्या, म्हणजे ८ मिमीच्या आत राहायला हवा.

बगल भरणं हेच खरं काम आहे आणि नेमकं हेच वगळलं जातं, कारण वेळ लागतो आणि झाकल्यावर दिसत नाही. गादी आधी पसरून एकसारखी करायची, प्रत्येक सॉकेटखाली हाताने खळगी उकरायची, म्हणजे सॉकेट अधांतरी राहतो आणि पाईप पोटावर, पूर्ण लांबीभर टेकतो. मग कच दोन्ही बाजूंनी सारखी, पाईपाच्या निम्म्या उंचीपर्यंतच टाकायची आणि दोन इंची लाकडी दांड्याने तिरकी, पाईपाच्या पोटाखाली सारत ठेचायची. एकाच बाजूने ठेचली तर पाईप सरकतो, जास्त जोर लावला तर उचलला जातो, म्हणून एक जण वरून पाईपावर हलका पाय ठेवून राहतो. त्यानंतर उरलेली कच १५ सेंमीच्या आतल्या थरांत. माथ्यावर ३० सेंमी भर होईपर्यंत पाईपावर धुम्मस मारायची नाही, आणि वरची माती ढेकळं फोडूनच टाकायची. जेसीबीने जास्त खोल खणलं तर ती खोली मातीने नाही, कचेने किंवा मुरमाने थर दाबत भरून आणायची.

"पाणी मारू, आपोआप सेट होईल," असं कुणी म्हणालं तर त्याला तिथेच थांबवा. कचेत पाणी चालतं. काळ्या मातीत चरात पाणी सोडणं म्हणजे लाईनखाली चिखल करणं. आणि बुजवण्याआधी खालचं तोंड बंद करून वरच्या चेंबरपर्यंत पाणी भरून अर्धा तास पातळी पाहा. आमच्याकडे संध्याकाळी सहाला पाईप जोडले आणि सातला चर बुजवला. जेसीबीचं भाडं वाढतंय म्हणाला.

ठेकेदाराकडे विटा घेऊन गेलो तर तो म्हणाला, १८,००० द्या, काँक्रीटमध्ये भरून देतो. हा दुसरा गंडा. खचणाऱ्या काळ्या मातीवर सलग काँक्रीट टाकलं की ते स्वतःच कुठेतरी तडकतं आणि त्याच जागी पाईप चिरतं. झोल असलेल्या पाईपाला काँक्रीट केलं की झोल कायमचा पक्का होतो.

नगरपरिषदेत गेलो. "प्लॉटच्या आतलं तुमचं, आमचा संबंध नाही." घाण पाणी जमिनीत मुरतंय, शेजारी बोअर आहे, हे सांगितलं. अर्ज द्या म्हणाले. दिला, पोच मागितली तर शिक्का मारणारा बाबू रजेवर. तीन चकरा मारल्या. पोलीस ठाण्यात हवालदारांनी विटांचे फोटो पाहिले आणि "ही दिवाणी बाब आहे" म्हणून फोन परत दिला. मी म्हटलं, तीन ब्रासचे पैसे घेऊन एक ब्रास टाकणं फसवणूक नाही का? तर म्हणे पक्कं बिल आणा. बिल कोऱ्या कागदावर, त्यात "कच ३ ब्रास" एवढंच. एका खात्यात गेलो की दुसऱ्याकडे बोट. माणूस ५७ हजारांसाठी किती दिवस रोजगार बुडवणार, हे त्यांनाही ठाऊक असतं. ठेकेदारालाही ठाऊक असतं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर मात्र तक्रार नोंदली गेली.

जिल्हा ग्राहक आयोगात जायचं तर प्रकार घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, आणि पाच लाखांपर्यंतच्या कामाला फी नाही. पण पुरावा तुमचाच. ५०,००० मी फोनवरून पाठवले होते, त्याची नोंद आहे. ७,४०० रोख दिले, ते गेल्यात जमा. रोख देऊ नका. उकरताना दोरी, पट्टी आणि वीट एका चौकटीत येईल असे फोटो घ्या, आणि त्रयस्थ इंजिनिअरला चर उघडा असतानाच बोलावून सही घ्या. बुजवल्यावर त्यालाही काही दिसत नाही.

दुरुस्तीचा खर्च सांगतो. हाताने खोदाई ७,२००, तीन नवे पाईप ८,६४०, अडीच ब्रास कच १२,०००, मजुरी ८,५००, सक्शन दोन खेपा ३,०००. एकूण ३९,३४०. या वेळी कचेच्या खेपा मोजल्या, सॉकेटखालच्या खळग्यांत हात घालून पाहिला, पाण्याची पातळी अर्ध्या तासात हलली नाही तेव्हाच बगला भरू दिल्या. एक वीट मजुराने सवयीने ठेवली होती. ती मी काढून चराबाहेर फेकली.