माक्याचे तेल : सात महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव आणि ते सापडेपर्यंतची दुकाने

मी हे तेल मार्चपासून वापरते आहे, म्हणजे ऑक्टोबरअखेर सात महिने पूर्ण झाले. माझे वय ७४ आहे, केस पांढरे आणि विरळ आहेत, आणि ते वाढावेत म्हणून मी हे तेल घेतलेले नाही. माझे यजमान लग्नाच्या आधीपासून जे तेल लावत होते, नेमके तेच मला हवे होते. यजमान नोव्हेंबरात गेले. चौदाव्या दिवसानंतर घर आवरताना सुनेने न्हाणीघराच्या खिडकीतली अर्धी रिकामी, तेलाने चिकट झालेली बाटली भंगारात दिली. तिला दोष देता येणार नाही, कारण त्या बाटलीकडे पाहून कोणीही तेच केले असते.

बाटली मात्र मला चांगली आठवत होती. काचेची, चपटी, पत्र्याच्या बुचाची, आणि पुसट झालेल्या हिरव्या लेबलावर माक्याचे पांढरे फूल. नावही आठवत होते. ते नाव मी येथे मुद्दाम लिहीत नाही, कारण त्याच नावाने मला तीन महिने पुण्यात फिरवले, आणि ते वाचून आपणही तीच बाटली विकत घ्याल.

घराजवळच्या दुकानात ते नाव पहिल्याच दिवशी मिळाले. बाटली प्लास्टिकची होती, फूल तेच होते. घरी येऊन झाकण उघडले तर वास अत्तराच्या फायासारखा गोड आणि उग्र आला. माल बदलला असेल किंवा दुकानदाराने बनावट दिला असेल असे समजून मी तुळशीबागेत गेले, मग मंडईजवळ दोन दुकानांत, मग रविवार पेठेत, मग औषधांच्या दोन दुकानांत. सगळीकडे बाटली तीच आणि वासही तोच. तुळशीबागेतल्या एका मुलाने तर, “आजी, वासात काय आहे, गुण सारखाच,” असे म्हणून माझी समजूत काढली. एव्हाना घरात चार बाटल्या झाल्या होत्या आणि सून त्यातल्या एकीचे तेल दाराच्या बिजागरीला घालत होती. (बिजागरीला ते उत्तम आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवते.)

जानेवारीत थंडी पडली, तेव्हा पहिली उपयोगी गोष्ट माझ्या लक्षात आली. आमच्या न्हाणीघराची खिडकी उत्तरेला आहे आणि पुण्याच्या थंडीत तेथे ठेवलेले माझे खोबरेल दरवर्षी थिजते, कारण ते साधारण २४ अंशांच्या खाली घट्ट होऊ लागते. शेजारीच ठेवलेले यजमानांचे तेल मात्र कधी थिजल्याचे मला आठवत नव्हते. म्हणजे ते खोबरेलात केलेले नव्हते. मग मी भिंग घेऊन नव्या बाटलीवरचे बारीक अक्षर वाचले. घटकांच्या यादीत जे सर्वांत जास्त असते ते आधी लिहितात, आणि तेथे पहिलेच नाव लाइट लिक्विड पॅराफिन असे होते. हे खनिज तेल होय. तेही थिजत नाही, खवटही होत नाही, त्याला स्वतःचा वास नसतो, आणि म्हणून वरून घातलेला सुगंध त्यात एकटाच बोलतो. माका यादीत बराच खाली होता.

माझ्याकडे आणखी एक पुरावा होता, पण तो बाहेर काढायला मन धजत नव्हते. यजमानांच्या उशीचा शेवटचा अभ्रा मी न धुता पिशवीत बांधून ठेवला होता. मंडईजवळच्या एका काष्ठौषधीच्या दुकानात मी अखेर तो गल्ल्यापलीकडे दिला. दुकानदार वयस्कर होते. त्यांनी तो नाकाशी नेला नाही, आधी उजेडात धरून डाग पाहिला आणि म्हणाले, “हा तांबडा रतनजोतीचा आहे, आजी. माका काळपट हिरवा उतरतो, वरून रतनजोत घातली की असा होतो.” मग त्यांनी अभ्रा हुंगला, थोडे थांबले आणि पुन्हा हुंगला. तिळाचे तेल, वाळा आणि अगदी पुसट कापूर, असे त्यांनी सांगितले. बाटलीच्या तोंडाशी तेल कधी हुंगू नये, तळहातावर चोळून दहा मिनिटांनी हुंगावे, हेही त्यांनीच शिकवले. कारण जे आधी उडून जाते तेच बाटलीच्या तोंडाशी जमलेले असते आणि डोक्यावर राहणारा वास वेगळाच असतो. त्यांच्याकडे तयार तेल नव्हते, तिळाच्या तेलातले म्हणून त्यांनी दुसऱ्या एका दुकानाचे नाव सांगितले. तेथील तेल पुष्कळ जवळचे होते, पण त्यात ब्राह्मी आणि आवळा इतका होता की काढ्याचा वास येत असे. ते मी आठ दिवस लावले आणि सोडले.

तेल सापडले ते दुकानात नव्हे. फेब्रुवारीच्या शेवटी एका रविवारी माझा मुलगा नेहमीच्या सलूनमध्ये गर्दी होती म्हणून कोपऱ्यावरच्या जुन्या केशकर्तनालयात गेला, तेथे डोक्याला मालीश करून घेतले आणि तसाच जेवायला बसला. मी आमटी वाढायला वाकले आणि पळी हातातच राहिली.

दुसऱ्या दिवशी सोमवार, दुकान बंद. मंगळवारी मी आयुष्यात पहिल्यांदा पुरुषांच्या केशकर्तनालयाची पायरी चढले. आत खुर्चीवर एका गृहस्थांच्या गालाला साबण लागलेला होता, ते आरशातून माझ्याकडे पाहत राहिले. मालकांनी मला ओळखले. “काकू, काका बाटली घेऊन यायचे, दर तीन महिन्यांनी,” ते म्हणाले. “बाटली माझ्या वडिलांच्या वेळची होती. त्यातले विकतचे तेल कधीच संपले, पुढे आम्हीच भरून देत होतो.” ज्या लेबलाच्या मागे मी बारा दुकाने पालथी घातली, त्या लेबलाचा त्या तेलाशी संबंध निदान तीस वर्षे नव्हता. मी यजमानांना या गोष्टीवरून एकदा तरी विचारायला हवे होते; पण घरात तेल कोठून येते हे ठाऊक असणे हे माझे काम नव्हे, असे समजून मी माझ्याच खोबरेलापुरते पाहत आले.

आता तेलाविषयी. ते दुकानामागच्या घरात मालकांच्या पत्नी करतात. सप्टेंबरात नवे तेल करताना मी सकाळभर तेथे बसले होते, म्हणून जे पाहिले ते लिहिते. आयुर्वेदाच्या नियमाने कल्काच्या, म्हणजे वाटलेल्या वनस्पतीच्या गोळ्याच्या, चौपट तेल आणि तेलाच्या चौपट द्रव घ्यायचा असतो. त्या तीन लिटर घाण्याचे तिळाचे तेल घेतात, मात्र इतका रस काढणे हाताने होत नाही, म्हणून माक्याचा रस सहा लिटर आणि बाकी पाणी असे प्रमाण ठेवतात. पावसाळ्यानंतर पाणथळ बांधावर माका भरपूर मिळतो. तो मुळासकट धुऊन वाटतात, रस गाळतात, आणि थोडा वाटलेला माका व वाळा कल्क म्हणून तेलात टाकतात. मंद आचेवर हे पाच-सहा तास चालते. सगळे अवघड काम शेवटच्या पाव तासाचे आहे. पाणी पुरते आटले नाही तर तेल महिन्याभरात बुरसते, आणि जास्त आटवले तर कल्क करपून तेलाला जळका वास लागतो. त्या चमच्याने थोडा कल्क काढून बोटांत वळतात; त्याची वात झाली आणि ती विस्तवावर धरल्यावर तडतडली नाही, म्हणजे पाणी गेले. त्याच सुमारास तेलावर बारीक फेस चढतो. (तुपाचे उलटे असते, तूप सिद्ध झाले की फेस बसतो.) मग लगेच उतरवून गाळतात, गरम असतानाच रतनजोतीची पुरचुंडी बुडवतात, आणि कोमट झाल्यावर शेवटी भीमसेनी कापूर घालतात, कारण गरम तेलात तो सगळा उडून जातो.

मार्चमध्ये २०० मिलीची पहिली बाटली मी घरी आणली. १८० रुपये पडले. तळहातावर चोळले, दहा मिनिटे थांबले, आणि खरे सांगायचे तर ते यजमानांचे तेल नव्हते. कापूर फार होता. तीळ होता, वाळाही होता, पण सगळ्यांच्या पुढे कापूर. मी परत जाऊन विचारले, तर प्रमाण कधीच बदललेले नाही असे उत्तर आले. एप्रिल आणि मे मी ते तसेच लावले. डोके थंड वाटे, झोप बरी लागे, पण ती कापराची थंडाई आहे, त्यापलीकडे मी तिला काही श्रेय देणार नाही. केस वाढले नाहीत, गळणेही कमी झाले नाही. कोंडा थोडा कमी वाटला. दोष दोन आहेत. पांढऱ्या केसांना किंचित तांबूस झाक येते आणि अभ्र्यांवरचे डाग निघत नाहीत.

जूनमध्ये एकदा बूच लावताना माझ्या हातून ते निसटून मोरीत गेले. दुसरे शोधीपर्यंत बाटलीवर कागदाची घडी ठेवली होती, आणि खिडकीत तशीच ती तीनेक आठवडे राहिली. जुलैत एका सकाळी तेल चोळले आणि दहा मिनिटे थांबण्याची गरजच पडली नाही. कापूर मागे सरला होता. तो उघड्यावर आपोआप उडतो हे देवघरातल्या वडीवरून मला ठाऊक असायला हवे होते. यजमान बूच कधीही फिरवून लावत नसत, नुसते वर ठेवत. त्यावरून मी त्यांना चाळीस वर्षे बोलत आले होते की धूळ पडेल, मुंग्या येतील, पैसे वाया जातील.

ज्यांना घ्यायचे असेल त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की सप्टेंबरातले तेल ताज्या माक्याचे, गडद असते. उन्हाळ्यात सुक्या माक्याच्या काढ्याचे करतात, ते फिके असते आणि त्यात वाळा जास्त जाणवतो. दोन्हींत मला पहिले जवळचे वाटते. तिळाचे तेल असल्याने सहा महिन्यांहून जास्त साठवू नये. तळहातावर चोळल्यावर जुन्या शेंगदाण्यासारखा वास आला की ते टाकून द्यावे.

सध्या दुसरी बाटली चालू आहे, न्हाणीघराच्या त्याच खिडकीत. सुनेने दोनदा तिचे बूच घट्ट लावून ठेवले. तिसऱ्यांदा ती लावायला गेली तेव्हा मी तिला म्हटले, “राहू दे, ते तसेच असते.”