वर्गांच्या बेरजेचं सूत्र: समीकरणं सोडवावीत की फरकांचा तक्ता मांडावा?

1² + 2² + … + n² या बेरजेचं सूत्र पाठ असणं वेगळं आणि विसरल्यावर पुन्हा काढता येणं वेगळं. गणितीय विगमन इथे कामाचं नाही, कारण त्याला उत्तर आधीच माहीत असावं लागतं. उरतात दोन वाटा. दोन्हींत पहिल्या काही बेरजांवरूनच सूत्र बसवायचं असतं. मी बरीच वर्षं पहिली वाट वापरली आणि आता सहसा दुसरीकडे वळतो.

पहिली वाट समीकरणांची. उत्तर an³ + bn² + cn असं धरायचं (n = 0 ला बेरीज शून्य, म्हणून स्थिरपद नाही) आणि 1, 5, 14 या किमती घालायच्या. दुसरं समीकरण 2 ने आणि तिसरं 3 ने भागलं की काम सोपं होतं:

a + b + c = 1
4a + 2b + c = 5/2
9a + 3b + c = 14/3

लागोपाठची वजा केली की 3a + b = 3/2 आणि 5a + b = 13/6. म्हणजे a = 1/3, b = 1/2, c = 1/6. काम झालं, आणि उत्तर थेट नेहमीच्या रूपात मिळालं. ही सोय दुसऱ्या वाटेत नाही, हे मान्य करायला हवं.

माझं मन मात्र एका चुकीने फिरलं. एकदा घाईत तिसरी बेरीज 14 ऐवजी 13 लिहिली गेली. समीकरणं मुकाट्याने सुटली: a = 1/6, b = 1, c = −1/6. म्हणजे (n³ + 6n² − n)/6. दिसायला किती सोज्वळ! n = 1, 2, 3 ला पूर्णांक येतात, n = 4 ला 26 येतात, तोही पूर्णांकच. खरी बेरीज 30 आहे, हे मी पडताळून पाहिलं म्हणून कळलं. समीकरणांना काहीही द्या, ती तक्रार करत नाहीत. कोणत्याही चार किमतींतून जाणारी, तिसऱ्या किंवा त्याहून कमी कोटीची एक बहुपदी असतेच. 1, 2, 4, 8 दिलेत तरी ती मिळेल आणि पुढची किंमत बेधडक 15 सांगेल.

दुसरी वाट फरकांच्या तक्त्याची. बेरजा शून्यापासून लिहायच्या आणि खाली शेजारच्यांचे फरक:

```
0   1   5   14   30
  1   4   9   16
    3   5   7
      2   2
```

इथे 14 च्या जागी 13 लिहिलं असतं, तर दुसऱ्या ओळीत 1, 4, 8 आलं असतं. त्या ओळीत वर्गच असायला हवेत, त्यामुळे 8 लगेच डोळ्यांत खुपला असता.

बेरजेचं सूत्र तिसऱ्याच कोटीचं का, तेही याच तक्त्यात दिसतं. पहिले फरक म्हणजे आपण मिळवत गेलेले वर्ग. लागोपाठच्या वर्गांतला फरक विषम संख्या, कारण (n + 1)² − n² = 2n + 1; आणि लागोपाठच्या विषम संख्यांतला फरक नेहमी 2. म्हणजे शेवटच्या ओळीतले दोन हे दोनच जागांवर जुळलेलं निरीक्षण नाही, ते शेवटपर्यंत तसेच राहणार. तिसरे फरक स्थिर, म्हणून कोटी 3. समीकरणांच्या वाटेत हे आपण गृहीत धरून सुरुवात केली होती.

सूत्रासाठी डावी कड वाचायची: 0, 1, 3, 2. त्यांना अनुक्रमे 1, n, n(n−1)/2 आणि n(n−1)(n−2)/6 ने गुणून बेरीज करायची:

n + 3n(n−1)/2 + n(n−1)(n−2)/3

n = 4 घाला: 4 + 18 + 8 = 30. कंस सोडवायला दोन ओळी जास्त लागतात, हे खरं. n/6 बाहेर काढला की आत 2n² + 3n + 1 उरतं, म्हणजे ओळखीचं n(n+1)(2n+1)/6.

समीकरणांच्या बाजूने अजून एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. त्या वाटेने आलेलं उत्तर सिद्ध करणं वाटतं त्याहून सोपं आहे. काढलेल्या बहुपदीला P म्हणा. P(n) − P(n−1) ची कोटी फार तर 2 आणि ती n = 1, 2, 3 ला n² शी जुळते. एवढ्या कोटीच्या दोन बहुपदी तीन ठिकाणी जुळल्या तर त्या एकच. त्यात P(0) = 0, म्हणून सूत्र सगळ्या n साठी खरं. वेगळं विगमन लागत नाही, पण 0, 1, 5, 14 या किमती बिनचूक असायला हव्यात. माझी गाडी अडली होती ती नेमकी तिथेच.

किमती तुटक असतील, समजा n = 1, 4 आणि 10 च्याच, तर असा तक्ता मांडताच येत नाही; तेव्हा मी निमूटपणे समीकरणं घेतो. वर्गांच्या बेरजेत मात्र पुढची किंमत एका बेरजेच्या अंतरावर असते.