दाळीचं पाणी कोणी प्यायचं? डायलिसिसवाल्याच्या ताटातली तुलना

डायलिसिस युनिटमध्ये आहाराचं बघताना मला सगळ्यात जास्त वेळा भेटणारं ताट असं असतं: पेशंटनं केळं सोडलेलं असतं, आलू सोडलेले असतात, नारळपाणी बंद असतं, आणि तरी रिपोर्टमध्ये पोटॅशियम चढलेलं असतं. मागच्या पावसाळ्यात एका खेड्यातले काका आले. डायलिसिस आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी. सोमवारच्या रक्तात पोटॅशियम ६.३ आणि फॉस्फरस ७.१. डायलिसिसच्या आधीच्या रक्तात पोटॅशियम साधारण साडेपाचाच्या आत हवं आणि फॉस्फरसही साडेपाचाच्या आसपास किंवा खाली.

काकूंना विचारलं, दिवसभर काय देता?

"मॅडम, दोन्ही टाइम दाळीचं वरवरचं निस्तं पानीच देतो जी ह्याईले, भातावर. घट्ट दाळ आमी खातो. पानी हलकं राह्यते न."

इथंच गाठ सापडली. पोटॅशियम पाण्यात विरघळतं. दाळ शिजली की त्याचा मोठा वाटा वरच्या पाण्यात उतरतो. काकू घरातलं सगळ्यात जड पाणी हलकं समजून काकांना देत होत्या आणि त्यातल्या त्यात बरी दाळ बाकीचे खात होते. तुरीच्या कोरड्या दाळीत १०० ग्रॅमला सुमारे १४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. डायलिसिसवरच्या माणसाला दिवसभराचं मिळून साधारण २००० ते २५०० मिलिग्रॅमच्या आत ठेवायला सांगतात. बाकी ताट बाजूला ठेवलं तरी हिशेब कुठं बिघडला ते दिसतं.

म्हणून पदार्थांची नावं पाठ करण्याआधी एक प्रश्न विचारायचा: ज्या पाण्यात हे शिजलं, ते पाणी पोटात जातं की मोरीत?

कुकरची दाळ की गंजातली दाळ

कुकरमध्ये दाळ मापाच्या पाण्यात शिजते आणि ते पाणी सगळं वरणातच राहतं. म्हणजे पोटॅशियम जिथल्या तिथं. गंजात करायची तर दाळ दोन-तीन तास भिजवा, ते पाणी फेका, मग दाळीच्या आठ-दहा पट पाण्यात उघडी शिजवा. दाणा बोटात दाबला की मोडतो पण अजून विरघळला नाही, अशा वेळी चाळणीवर काढा. तूर जास्त शिजली की पाण्यातच मिसळते आणि गाळायला काही उरत नाही, तेव्हा या टप्प्यावर लक्ष ठेवावं लागतं. गाळलेली दाळ थोड्या ताज्या पाण्यात घोटून फोडणी द्या. काढलेलं पाणी वाया जाऊ द्यायचं नसेल तर बाकीच्यांच्या भाजीच्या रश्शात घाला. ज्यांच्या किडन्या बऱ्या आहेत त्यांना त्याचा काही त्रास नाही. चव थोडी कमी येते हे खरं, आणि चुलीवर सरपण जास्त जातं हेही खरं. तरी माझ्या मते रोज वरण खाणाऱ्या घराला हाच बदल सगळ्यात जास्त कामाला येतो.

आलूचंही असंच, फक्त लोक पहिल्या पायरीवरच थांबतात. रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी तेलावर परततात. नुसत्या भिजवण्यानं आलूतलं पोटॅशियम फारसं निघत नाही. सोलून, बारीक फोडी करून, भरपूर पाण्यात दहा मिनिटं उकळून पाणी फेकलं तर साधारण निम्मं जातं. किसून उकळलं तर त्याहून जास्त. तेव्हा आलू-वांग्याची भाजी खायचीच असेल तर आधी उकळलेल्या फोडींची, अर्धी वाटी. लौकी, दोडकं, ढेमसं, पत्ताकोबी यांत मुळातच कमी असतं, तिथं एवढी खटपट लागत नाही. पालक, चवळाईसारख्या पालेभाज्या आवडत असतील तर उकळून पिळून, आणि त्याही कधीतरीच.

भाकर, पोळी की भात

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात आणि उत्तर ऐकून लोक थोडे नाराज होतात, कारण भाकर-पोळीत निवडण्यासारखं फार काही नाही. ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठात १०० ग्रॅमला पोटॅशियम आणि फॉस्फरस दोन्ही साधारण तीनशे मिलिग्रॅमच्या घरात. पांढऱ्या तांदळात दोन्ही शंभराच्या आसपास, म्हणजे तिसरा हिस्सा. पण धान्यातला फॉस्फरस अशा रूपात बांधलेला असतो की शरीर त्यातला काहीच भाग शोषतं. म्हणून जन्मभर भाकर खाल्लेल्या माणसाची भाकर तोडायची गरज नाही. एका जेवणात दोन लहान भाकरी, दुसऱ्या जेवणात पेज काढलेला भात, असं मी सांगते. पेज मात्र पेशंटला प्यायला द्यायची नाही, ती त्याच्या पाण्याच्या हिशेबात जाते. शुगर असेल तर भाताचं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

वरण, दूध की अंडं

डायलिसिसमध्ये रक्तासोबत थोडं प्रोटीनही निघून जातं, म्हणून या पेशंटला प्रोटीन कमी नाही, जास्त लागतं: वजनाच्या दर किलोमागे सुमारे एक ते सव्वा ग्रॅम. पथ्य म्हणून सगळंच बंद केलेले लोक महिन्याभरात दंडातून वाळतात. प्रोटीन हवं, पण त्यासोबत फॉस्फरस नको, असा हा पेच आहे. आकडे अंदाजे आहेत:

| काय | प्रोटीन | पोटॅशियम | फॉस्फरस |
|---|---|---|---|
| दोन अंड्यांचा फक्त पांढरा भाग | ७ ग्रॅम | १०० मिग्रॅ | १० मिग्रॅ |
| ३० ग्रॅम दाळीचं कुकरचं वरण | ६ ग्रॅम | ४०० मिग्रॅ | ९० मिग्रॅ |
| एक कप (१५० मिली) दूध | ५ ग्रॅम | २०० मिग्रॅ | १४० मिग्रॅ |

पांढऱ्या भागाला तोड नाही. पिवळा नातवाला द्या, त्यातच जवळजवळ सगळा फॉस्फरस असतो. काका माळकरी होते, अंडं घरात येत नव्हतं. अशा घरात मी घरी फाडलेल्या दुधाचं पनीर सुचवते. दूध फाटलं की पोटॅशियम बरंचसं त्या हिरवट पाण्यात निघून जातं, म्हणजे पुन्हा तोच पाण्याचा न्याय. फॉस्फरस मात्र पनीरमध्ये बराच राहतो, म्हणून तीस ग्रॅमच्या वर नको आणि फॉस्फरसच्या गोळीशिवाय नको.

फॉस्फरस उकळून फारसा जात नाही

पोटॅशियमचा निकाल गंजात लागतो, फॉस्फरसचा लागतो गोळीच्या वेळेत. फॉस्फरसची गोळी (कॅल्शियम ॲसिटेट किंवा सेव्हेलेमर, जी लिहून दिली असेल ती) जेवणातल्या फॉस्फरसला आतड्यातच पकडते. त्यामुळे ती जेवणाच्या घासासोबत घ्यावी लागते. काकांनी सगळ्या गोळ्यांची एक पुडी केली होती आणि सकाळी सातला, अनशापोटी, बीपीच्या गोळीबरोबर ती पुडी गिळत होते. पकडायला पोटात काहीच नव्हतं, आणि जेवण बाराला. महिनाभराची गोळी अशी फुकट गेली होती. आता ती गोळी काकू भाकरीच्या ताटातच ठेवतात. जेवण नाही तर ती गोळी नाही. दोन जेवणांच्या दोन एकदम घेऊनही चालत नाही.

दुसरा चोर म्हणजे कारखान्यात घातलेला फॉस्फेट. भाकरीतला फॉस्फरस थोडाच शोषला जातो, दुधा-मटणातला त्याहून जास्त, पण काळ्या रंगाच्या थंड्यात आणि पुड्यातल्या बऱ्याच खाऊत घातलेला जवळजवळ सगळाच रक्तात जातो. पुड्याच्या मागे ३३८ ते ३४१ किंवा ४५० ते ४५२ यांपैकी आकडा दिसला तर तो पुडा पेशंटसाठी नाही. एसटी स्टँडवर थांबलेल्या माणसाला हे वाचायला चष्मा लागतो, म्हणून मी सरळ म्हणते: थंडा नको.

फळं, मीठ आणि लांबचे चार दिवस

संत्र्याच्या बागेतल्या माणसाला संत्रं बंद म्हणणं मला जमत नाही. एक लहान संत्रं, आठवड्यातून एखाद-दोनदा, अख्खं. तीन संत्र्यांचा रस नको. त्याऐवजी अर्धं सफरचंद किंवा मूठभर जांभळं बरी. केळं, सीताफळ नको. एका नारळाच्या पाण्यात पाच-सहाशे मिलिग्रॅम पोटॅशियम सहज असतं आणि भेटायला येणारे पाहुणे नेमकं तेच घेऊन येतात. कमरख मात्र अजिबात नको. त्यातला विषारी घटक किडनी गेलेल्या माणसाच्या मेंदूपर्यंत जातो. उचकी, भ्रम, झटके येतात. 'कमी सोडियम'वालं मीठही आणू नका, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं.

काकांचं गुरुवार ते सोमवार हे अंतर मोठं. रक्तात साठायला चार दिवस मिळतात, म्हणून लग्नाचं जेवण शनिवार-रविवारी आलं तर हात जास्त आवरायचा. पाय जड होणं, उठताना गुडघ्यांत जीव नसणं, नाडी मंद पडणं, छातीत फडफड ही पोटॅशियम चढल्याची खूण असू शकते. पुष्कळदा खूण नसतेच. असं वाटलं किंवा डायलिसिसचा वार चुकला तर पुढच्या वाराची वाट न पाहता दवाखान्यात ईसीजी काढायला जायचं. पोट साफ नसणं आणि शुगर वर असणं यानंही पोटॅशियम चढतं, तेव्हा दर वेळी दोष भाजीचाच नसतो.

आणि ज्यांना अजून चांगली लघवी होते, किंवा जे घरी पोटाचं डायलिसिस करतात, त्यांचं पोटॅशियम कमीही असू शकतं. रिपोर्ट न पाहता शेजाऱ्याचं पथ्य उचलू नका.

महिन्यानं काकांचं पोटॅशियम ५.२ आलं. फॉस्फरस ६.० वर होता, तो हळूच उतरतो. मग पोळा आला आणि काकूंचा फोन: "पुरनपोयी चालते का जी?"

मी म्हटलं, चण्याची दाळ भरपूर पाण्यात शिजवून कट काढताच ना तुम्ही? काकांना शुगर नाही, तर पुरण गुळाऐवजी साखरेचं करा, गुळात पोटॅशियम असतं. एक लहान पोळी, गोळीसोबत. कटाची आमटी त्यांच्या ताटात वाढू नका.

"म्हन्जे पुरन ह्याईले, कट आमाले," काकू म्हणाल्या. "या खेपेला उलटं झालं."